श्रवणतज्ज्ञ आहे आणि गाणं जीव की प्राण: नेमकं कशावर लिहू?

श्रुती_मिरज
नमस्कार मंडळी. मी मिरजेत ऑडिओलॉजिस्ट आहे. कान तपासणं, मशीन बसवणं, लहान मुलांच्या चाचण्या हे रोजचं काम. गाणं शाळेपासून शिकते आहे, अजूनही आठवड्यातून दोनदा गुरुजींकडे जाते. अंबाबाईच्या नवरात्रातल्या मैफली आणि दर्ग्याच्या उरुसातलं गाणं यांसाठी रजा राखून ठेवते.

मला मराठीत नियमित लिहायचं आहे. फक्त कानावर लिहिलं तर दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यासारखं होतं. फक्त गाण्यावर लिहावं तर माझ्याहून जाणते लोक या मिरजेतच पावलोपावली आहेत. दोन्ही एकत्र करावं असं मनात आहे, पण 'संगीत आणि कान' एवढंच म्हटलं की हातात काही येत नाही. या दोन्हींच्या मध्ये नेमकी कोणती जागा धरावी? तुमच्यापैकी कोणी व्यवसाय आणि आवड जोडून लिहिलं असेल तर कसं ठरवलं ते सांगा.

घाटमाथा
सोपं आहे. लोक काय शोधतात ते बघा आणि तेच लिहा. कानात मळ, कानात शिट्टी वाजणं, कान दुखणं यांना लाखो वाचक आहेत. तंबोऱ्याला किती असतील?

सुनीलतात्या_इस्लामपूर
ताई, बरं झालं तुम्ही भेटलात. आमच्या आईचं वय ८१. दोन्ही कानांना मशीन घ्यायचं की एकच पुरे? आणि साधारण किती खर्च येतो?

श्रुती_मिरज
तात्या, दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल तर सहसा दोन्हींना घेतलेलं बरं. आवाज कुठून आला ते कळतं आणि चार माणसांत बोलणं समजतं. पण ऑडिओग्राम बघितल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही. आधी आईंची तपासणी करून घ्या, खर्चाचं त्यानंतर बघू.

जुना_उपसंपादक
श्रुतीताई, मी बरीच वर्षं पुरवणीचं पान सांभाळलं. डॉक्टर, वकील, शेतीतज्ज्ञ असे अनेक लोक सदर मागायला यायचे. त्यांना मी पंचवीस लेखांची शीर्षकं लिहून आणायला सांगायचो. विषय सांगू नका, शीर्षकंच आणा. दहाव्या-बाराव्याला बहुतेकांचा हात थांबायचा.

मग त्या यादीतल्या प्रत्येक शीर्षकाला एक प्रश्न विचारायचा: हे फक्त कानाचा डॉक्टर लिहू शकेल का? हे फक्त गाण्याचा जाणकार लिहू शकेल का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं तर शीर्षक खोडायचं. उरेल ती तुमची जागा. तुम्ही इथंच दहा टाका. मी खोडतो, राग मानू नका.

श्रुती_मिरज
राग कसला. घ्या:
कानातला मळ कसा काढावा. यमनची ओळख. मशीन घातल्यावर पेटीचा सूर का थरथरतो. तंबोऱ्याची जवारी गेली की माझा कान? मोबाईलवर गाणी ऐकताना आवाज किती ठेवावा. मिरजेचे सतारमेकर. तबलजीनं कान कसे जपावेत. उतारवयात एकाच सुराचे दोन कानांत दोन सूर का होतात. लहान मुलांची श्रवण चाचणी. मशीन घेताना गाणं ऐकणाऱ्यानं काय विचारावं.

जुना_उपसंपादक
मळ, यमन आणि लहान मुलांची चाचणी गेली. मोबाईलही गेला, तो कुणीही लिहितं. सतारमेकर हा उत्तम विषय आहे. तिथल्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यावर भरपूर लिहून आलं. पण त्यात तुमच्या ऑडिओमीटरचं काही काम नाही, म्हणून खोडतो.

पाच उरली. त्यांच्याकडे नीट बघा. त्यातली चार अशा माणसाविषयी आहेत ज्याचं ऐकू येणं कमी झालंय, पण गाणं सुटलेलं नाही. पाचवं, तबलजीचं, कान अजून शाबूत असलेल्याविषयी आहे. म्हणजे तुमच्या यादीनंच तुमचा वाचक निवडलाय.

बेदाणा
उपसंपादकसाहेबांची रीत पटली. मी तासगावकडचा, द्राक्षबागांचा सल्लागार. स्वयंपाकाची आवड आहे म्हणून आधी पाककृती लिहायचो, कोणी फिरकायचं नाही. मग बेदाण्याचा रंग, गोडी आणि साल बागेतल्या कोणत्या कामानं बदलते आणि तो शिऱ्यात कसा वागतो असं लिहायला लागलो. शेतकरीही वाचतात आणि त्यांच्या घरातल्या बायकाही. दोन्ही बाजूंचं काही तरी एकाच लेखात लागतंच.

घाटमाथा
पण वाचक किती? ज्यांचं ऐकू येणं कमी, ज्यांच्याकडे मशीन आहे, शिवाय ज्यांना शास्त्रीय गाणं आवडतं, असे सांगली जिल्ह्यात किती निघतील? आणि जे निघतील ते सत्तरीचे. ते कुठं ऑनलाइन वाचायला बसलेत!

पेटीमास्तर
मी बसलो आहे. वय ७४. सांगलीत विश्रामबागेत राहतो, चाळीसएक वर्षं पेटी शिकवली. तीन वर्षांपासून दोन्ही कानांना मशीन आहे. बोलणं उत्तम समजतं. पण पेटीवर स्वर धरून ठेवला की तो हलायला लागतो, पाण्यात दिसावा तसा. कधी मूळ स्वराशेजारी दुसराच बारीक स्वर उमटतो. तंबोरा तर दोन-चार आवर्तनांत मागे सरकतो, कोणी तरी आवाज कमी केल्यासारखा. मशीन देणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, सवय होईल. झाली नाही. आता शिकवताना मशीन काढून ठेवतो, मग विद्यार्थी काय बोलतो ते कळत नाही.

श्रुतीताई, याचं कारण ठाऊक असेल तर आधी तेच लिहा. बाकीचे विषय मागाहून.

श्रुती_मिरज
मास्तर, नमस्कार. तुम्ही जे सांगितलंत त्याची दोन वेगवेगळी कारणं आहेत. सविस्तर लिहिते.

मशीन मुळात बोलण्यासाठी घडवलेलं असतं. बोलताना आवाज सेकंदाला काही वेळा वर-खाली होतो, अक्षरं येतात-जातात. पंखा, गाडी, मिक्सर यांचा आवाज एकसारखा राहतो. मशीनमधलं नॉइज रिडक्शन एवढंच बघतं: जे हलतं ते बोलणं, जे एकसारखं ते गोंगाट. तंबोरा एकसारखा वाजतो, म्हणून मशीन त्याला पंखा समजून खाली ओढतं. त्याला ओळखायला थोडा वेळ लागतो, म्हणून तुम्हाला तो दोन-चार आवर्तनांनी मागे सरकल्यासारखा वाटतो.

थरथरण्याचं कारण दुसरं. मशीनचा स्पीकर कानात आणि माइक कानामागे, म्हणून आवाज बाहेर झिरपून परत माइकमध्ये जातो आणि शिट्टी वाजते. ती थांबवायला फीडबॅक कॅन्सलेशन असतं. ते लांब, स्वच्छ, एका सुराचा आवाज शोधतं, कारण शिट्टी तशीच असते. पेटीचा किंवा बासरीचा धरलेला सूरही तसाच असतो. मशीन त्यालाच शिट्टी समजतं आणि खोडायला जातं. खोडताना जे तयार होतं ते तुम्हाला शेजारचा बारीक स्वर म्हणून ऐकू येतं.

खरी शिट्टी आणि ही थरथर घरच्या घरी वेगळी ओळखता येते. कानाजवळ तळहात नेल्यावर वाढते ती शिट्टी. फक्त लांब सुरावर येते आणि बोलताना, टाळी वाजवताना मुळीच येत नाही ती थरथर.

तुमच्या मशीनवाल्यांकडे वेगळा म्युझिक प्रोग्रॅम मागा. त्यात नॉइज रिडक्शन बंद, फीडबॅक कॅन्सलेशन बंद किंवा अगदी मंद, माइक सगळीकडून ऐकणारा. वरचे स्वर खाली सरकवून ऐकवणारी सोय चालू असेल तर तीही बंद करायला सांगा, तिच्यामुळे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. बटण दाबून बोलण्याच्या प्रोग्रॅमवर परत येता आलं पाहिजे, म्हणजे विद्यार्थ्याशी बोलताना अडचण नाही. एक मर्यादा आहे: फीडबॅक कॅन्सलेशन मंद केलं की कानातला डोम सैल असल्यास खरी शिट्टी वाजेल. मग मापाचा मोल्ड करून घ्यावा लागतो.

जुना_उपसंपादक
ताई, तुम्ही विषय शोधत होतात ना? हा वरचा प्रतिसाद परत वाचा.

रेवा_कराड
घाटमाथा यांना उत्तर. माझ्या बाबांनी मशीन लावल्यावर गाणं ऐकणं सोडलं. ते स्वतः काही शोधणार नाहीत. मी शोधलं होतं, रात्री अकरा वाजता, 'कानाचं मशीन घातल्यावर गाणं बेसूर वाटतं' असं लिहून. मराठीत हाती काही लागलं नाही. म्हणजे ऐकणारे बाबा, वाचणारी मी. श्रुतीताईंनी मुलामुलींसाठी लिहावं: बाबांना काय विचारायचं, दवाखान्यात काय मागायचं.

घाटमाथा
हे मान्य. माझं म्हणणं लोक काय विचारतात ते बघा एवढंच होतं. आकडा मोठा असला पाहिजे हा हट्ट सोडतो.

जुना_उपसंपादक
विचारलेले प्रश्न बघायचे, हे तुमचं बरोबरच होतं. फक्त ते ताईंच्या ओपीडीत बघायचे. मळाविषयी जो विचारतो त्याला उत्तर द्यायला शंभर डॉक्टर आहेत. मास्तरांनी तीन वर्षांपूर्वी विचारलं तेव्हा एकही नव्हता.

कोयनाकाठ
महागडं मशीन घेतलं की हे सगळे प्रश्न मिटतात. माझ्या सासऱ्यांचं दोनदा बदललं, दुसरं भारी होतं, त्यात गाणी छान लागतात. ताईंनी मशीनची तुलना लिहावी. कोणतं घ्यावं, कोणतं नको. वाचकही येतील आणि चार पैसेही मिळतील.

श्रुती_मिरज
किंमतीचा थोडा संबंध आहे. बोलणं साधारण ६५ डेसिबलचं असतं, समोर बसून ऐकलेल्या मैफलीत आवाजाची टोकं १०० च्या पुढं जातात. जुन्या डिजिटल मशीनचं आतलं सर्किट ९५ च्या आसपासच आवाज कापायला लागायचं, तिथं नंतर कोणतीही सेटिंग केली तरी फाटलेला आवाज शिवता येत नाही. नवी मशीनं याहून जास्त पेलतात. पण सासऱ्यांच्या दुसऱ्या मशीनला कोणी तरी म्युझिक प्रोग्रॅम नीट लावून दिला असण्याचीही तितकीच शक्यता आहे. भारी मशीन बोलण्याच्याच सेटिंगवर ठेवलं तर पेटी त्यातही थरथरते.

तुलनेचं मात्र मला जमणार नाही. मी जिथं काम करते तिथं मशीन विकली जातात.

कोयनाकाठ
मग काय झालं? तुम्हालाच तर माहिती जास्त.

अनघा_के
झालं असं की वाचणारा प्रत्येक ओळीला विचारेल, हे विकायला लिहिलंय का. मी सांगलीत फार्मसिस्ट आहे, औषधी वनस्पतींवर लिहिते. आमच्या दुकानात जे विकलं जातं त्याचं नाव लेखात घेत नाही आणि दुकानात काम करते हे प्रत्येक लेखाखाली सांगते. ताईंनी सेटिंगविषयी लिहावं, कंपनीविषयी नाही. सेटिंग कोणत्याही मशीनला लागू होतं.

अजून एक. पेशंटच्या गोष्टी लिहिताना जपा. नाव न घेतल्यानं माणूस लपत नाही. 'मिरजेतले एक ज्येष्ठ तबलावादक, डावा कान गेलेला' एवढं लिहिलंत की संध्याकाळपर्यंत सगळ्या सतारमेकर गल्लीला कळेल कोण ते. आणि कार्यक्रम ठरवणाऱ्यांना कळलं तर त्या माणसाच्या बिदागीवर परिणाम होईल.

श्रुती_मिरज
अनघाताई, हा मुद्दा मोलाचा आहे. कलाकार माझ्याकडे येतात तेव्हा बरेचसे संध्याकाळी उशिरा, गर्दी संपल्यावर येतात, ते याच भीतीनं. मी पेशंटची गोष्ट लिहिणारच नाही, प्रश्न लिहीन. फारच गरज पडली तर वाद्य, वय, गाव वगळून आणि त्यांना आधी वाचून दाखवून.

ताशा_सातारा
ताई आमच्याकडं पण बघा की. आमचं पथक आहे, गणपतीत लई वाजवतो. तालमीनंतर दोन दिस कान सुन्न ऱ्हातात, आत बारीक कुईं वाजतंय. पोरं म्हणत्यात सवय होती. वर तबलजीचं शीर्षक घेतलंय, ताशाचं पण घ्या. बोळे घातले तर ताशा मेल्यावानी वाजतोय, म्हणून कोण घालत न्हाई.

श्रुती_मिरज
दादा, ते सुन्न होणं सवयीचं लक्षण नाही. आतल्या केसपेशी थकल्याची ती खूण आहे, आणि तेच पुन्हा पुन्हा झालं की काही पेशी कायमच्या जातात. त्या परत उगवत नाहीत. ऑडिओग्राम काढला की ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. बोलणं तेव्हा ठीक ऐकू येतं म्हणून माणूस निर्धास्त असतो.

नायॉश या अमेरिकी संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, असं करत १०० डेसिबलला १५ मिनिटं. ताशाजवळ आवाज १०० च्या पुढं सहज जातो, तुमची तालीम किती तास चालते ते तुम्हीच बघा.

बोळ्यांचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त कापतात आणि खालचे कमी, म्हणून ताशाची तडतड जाते आणि नुसता घुमका उरतो. वादकांसाठी फिल्टरचे प्लग मिळतात, ते सगळे स्वर साधारण सारखेच, १५ डेसिबलच्या आसपास उतरवतात. ताशा ताशासारखाच वाजतो, फक्त लांबून ऐकल्यासारखा. वरच्या हिशेबानं १५ डेसिबल म्हणजे तुमचा वेळ पाचदा दुप्पट झाला.

ताशा_सातारा
हे पथकाच्या ग्रुपवर टाकतो. १५ मिनिटं वाचून पोरं गप होतील.

घाटमाथा
बघा, हाच विषय घ्या! पश्चिम महाराष्ट्रात पथकं किती, त्यात तरुण पोरं किती. गणपतीच्या आधी महिनाभर धडाधड वाचलं जाईल.

बेदाणा
आणि गणपतीनंतर? माझं बेदाण्याचं लिखाणही हंगामी व्हायचं, फेब्रुवारी ते एप्रिल वाचक आणि मग शुकशुकाट. ते चालतं, कारण बाकीचे महिने बागेच्या कामांवर लिहिता येतं. ताईंना ताशावर दहावा लेख काय लिहिणार ते आधी विचारा.

जुना_उपसंपादक
मी वेगळ्या बाजूनं बघतो. श्रुतीताईंनी मास्तरांना उत्तर दिलं आणि ताशावाल्यांना उत्तर दिलं. दोन्ही अचूक आहेत. पण मास्तरांना लिहिताना त्यांनी पेटी, बासरी, तंबोरा वेगवेगळे ऐकले होते, हे वाक्यावाक्यात कळतं. ताशाच्या उत्तरात व्यवसाय पुरेपूर आहे, आवड दिसत नाही. ते उत्तर दुसरा चांगला ऑडिओलॉजिस्टही देईल.

रेवा_कराड
हे जरा कडक झालं. मुलांचे कान वाचणार असतील तर आवड दिसली काय नि न दिसली काय.

ताशा_सातारा
रेवाताईशी सहमत. आवड आम्ही लावतो की.

श्रुती_मिरज
जवारीवाल्या शीर्षकाविषयी थोडं सांगते, म्हणजे माझा कल कुठं आहे ते कळेल. तंबोऱ्याच्या तारेचा मूळ स्वर खाली, शे-दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जी जवारी खुलते, ती झणकार त्याच स्वराच्या कितीतरी पट वर, दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढं पसरलेली असते. वयानं ऐकणं कमी होतं ते वरूनच. म्हणून गवयाला बोलणं नीट ऐकू येत असतानाच तंबोरा बसल्यासारखा वाटायला लागतो. तो घोडी घासून घेतो, तारा बदलतो, तरी समाधान नाही. कारागीर म्हणतो जवारी उत्तम आहे, आणि दोघेही आपापल्या कानाशी प्रामाणिक असतात.

ओळखायला सोपं आहे. तोच तंबोरा, त्याच खोलीत, विशीतल्या शिष्याला ऐकवा आणि दोऱ्याची जागा त्याला ठरवू द्या. शिष्याला झणकार भरपूर वाटली आणि गुरुजींना कोरडी, तर कारागिराकडे न जाता श्रवण चाचणीला जावं. हे लिहिताना मला घड्याळ बघावं लागत नाही.

पेटीमास्तर
हे वाचून तीन जण डोळ्यांसमोर आले. नावं घेत नाही, अनघाताईंचं ऐकतो.

अनघा_के
:)

पेटीमास्तर
(चार दिवसांनी) कळवायचं राहू नये म्हणून लिहितो. मशीन देणाऱ्यांकडे गेलो. वरचा प्रतिसाद छापून नेला होता. त्यांनी तासभर बसून दुसरा प्रोग्रॅम करून दिला. पेटी आता हलत नाही. धरलेला पंचम जागच्या जागी उभा राहतो. तंबोराही मागे जात नाही. डाव्या कानात मात्र शिट्टी वाजते, त्यासाठी मोल्डचं माप दिलं आहे.

एक प्रश्न उरला. तार सप्तकातले स्वर डाव्या कानाला किंचित चढे वाटतात, उजव्याला बरोबर. हे सेटिंगनं जाईल का?

श्रुती_मिरज
मास्तर, फार आनंद झाला. दोन कानांतला तो फरक मशीन काढूनही जाणवतो का ते बघा. एकेका कानाला आळीपाळीनं पेटीचा तोच स्वर ऐका. मशीनशिवायही जाणवला तर तो आतल्या कानाचा आहे, सेटिंगनं पूर्ण जाण्याची खात्री मी देणार नाही. तोवर पेटी लावून घ्यायची झाली तर तार सप्तकासाठी उजव्या कानावर किंवा ट्यूनरवर विसंबा.

माझं ठरलं. सुरुवात ऐकणं कमी झालेल्या गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांपासून करते, वाचक म्हणून रेवासारख्या मुली-मुलांना समोर धरून. पहिला लेख पेटीच्या थरथरण्यावर, दुसरा जवारीवर, तिसरा मशीन घेण्याआधी विचारायच्या प्रश्नांवर. कंपन्यांची नावं नाहीत, मी कुठं काम करते ते प्रत्येक लेखाखाली. दवाखान्याची लेखी परवानगी मागितली आहे, अजून आलेली नाही. ताशाचं उपसंपादकांना पटलेलं नाही आणि रेवाला पटलंय. मी अजून मधेच आहे.

जुना_उपसंपादक
परवानगी येईपर्यंत उरलेली वीस शीर्षकं लिहून ठेवा.

ताशा_सातारा
ताई, ते फिल्टरचे प्लग साताऱ्यात कुठं मिळतील? पथकात चाळीस पोरं आहेत, एकदम मागवतो.

सुनीलतात्या_इस्लामपूर
आईंची तपासणी सोमवारी ठरली. त्या भजनी मंडळात जातात हे सांगायचं राहिलं होतं. म्युझिक प्रोग्रॅमचं त्यांनाही विचारतो.